आधी कोणती गोळी थांबवायची

"डॉक्टर, आईच्या गोळ्या कमी करायच्या आहेत ना? मग तुम्हीच बंद करा, आमच्या फॅमिली डॉक्टरांना पत्र कशाला?"

कारण गोळी थांबवल्यानंतर आईकडे लक्ष तेच ठेवणार आहेत. शिवाय ती का थांबवली हे कुठे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या तपासणीत शुगर 190 दिसते आणि तीच गोळी पुन्हा सुरू होते.

एका 87 वर्षांच्या आजींचं उदाहरण देते. वजन 41 किलो, जेवण अर्धी पोळी, भिंत धरून चालणं, अलीकडे दोनदा पडलेल्या. रोजच्या गोळ्या नऊ. पत्रात मी एका वेळी एकच गोळी सुचवली. दोन एकदम थांबवल्या आणि काही बिनसलं, तर कशामुळे ते कळत नाही.

पहिली साखरेची ग्लिमेपिराइड. त्यांचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.2 होतं. चाळिशीतल्या माणसाचं मी कौतुक केलं असतं. इतक्या थकलेल्या शरीराला मात्र 8 च्या आसपास चालतं. आजी जेवल्या नाहीत तरी ही गोळी साखर खाली ओढतच राहते. पहाटे घाम येणं, गोंधळल्यासारखं बोलणं याला घरचे 'वय झालं' म्हणत होते. ही गोळी हळूहळू कमी करावी लागत नाही, सरळ थांबवता येते. साखरेचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, चालू ठेवली.

दोन आठवड्यांनी अ‍ॅम्लोडिपिन. ही बीपीची गोळी. झोपून बीपी 138, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी 108. वीसच्या वर उतरलं की तोल जाण्याची भीती असते. याच गोळीने पाय सुजले होते, आणि सुजेसाठी कुणीतरी लघवीची गोळी जोडली होती. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते, त्यामुळे त्या गोळीने ती फारशी हटत नाही. आजी मात्र रात्री चारदा उठायच्या आणि त्यातच पडायच्या. हृदयाचा इको नॉर्मल होता, म्हणून लिहिलं: आधी अ‍ॅम्लोडिपिन थांबवा, सूज उतरली की लघवीचीही. बसून घेतलेलं बीपी वारंवार 160 च्या वर राहिलं तर मला कळवा.

सगळ्यात शेवटी झोपेची अल्प्राझोलाम, 0.5 मिलिग्रॅम. ही एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी करायचा, त्रास झाला तर आहे तिथेच थांबायचं. यात दोन-तीन महिने गेले तरी चालतील, असं मी मुद्दाम लिहिलं.

बीपीची टेल्मिसार्टन आणि थायरॉईडची गोळी थांबवू नका, हेही ठळक लिहिलं. 'गोळ्या कमी करायच्या' एवढंच कानावर पडलं की काही घरांत सगळा डबाच बाजूला ठेवतात.