मोदकाची उकड मळण्याविषयी नातवास पत्र

चि. सोन्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

कळ्या पाडताना मोदकाच्या कडा तडकतात, असे तू कळवलेस. तुझ्याकडे बंद पाकिटातले पीठ असते, म्हणून मीही वाण्याकडून तसेच आणले आणि त्याची उकड काढून पाहिली. घरी आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून दळलेल्या पिठाला वाटीस वाटी पाणी पुरते. हे पीठ कोरडे असल्याने त्याला वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी जास्त लागले. पीठ घेताना तेवढे पाहा, की ते चिकट तांदळाचे नसावे, कारण त्याची उकड हाताला चिकटते आणि पारी उभी राहत नाही.

पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून खळखळून उकळी आणावी. मग आच मंद करून पीठ एकदम घालावे, उलथन्याच्या दांड्याने भरभर ढवळावे आणि झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ येऊ द्यावी. गॅस बंद केल्यावरही पाच-सात मिनिटे झाकण काढू नये, कारण आतले कोरडे पीठ त्या वाफेवरच शिजते.

खरे काम यापुढचे आहे. गव्हाच्या पिठाला मळल्याने येणारी ओढ तांदळाच्या पिठात नसते. त्याला एकजीव करतो तो उष्णतेने फुगलेला पिठूळ अंश. म्हणून उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की गुठळ्या मोडत नाहीत. परातीत निम्मीच उकड काढावी आणि बाकीची झाकून ठेवावी. हात पोळतो तोवर मी तेल लावलेल्या वाटीच्या बुडाने ती रगडते, मग हाताला पाणी आणि तेल लावून तळव्याच्या टाचेने पुढे दाबत मळते. पाणी हाताला लावावे, उकडीवर ओतू नये. आठ-दहा मिनिटांत तिचा खरखरीतपणा जाऊन ती गुळगुळीत होते.

मग लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबावा. कड फाटली तर ओला हात लावून आणखी मळावे. कड अखंड राहिली तर पारीला घ्यावे. उकड बोटांना चिकटत असेल तर पाणी जास्त झाले आहे. तिच्यात कोरडे पीठ मिसळू नये, ते कच्चे राहते. त्याऐवजी ती पसरट भांड्यात मंद आचेवर थोडी परतावी आणि पुन्हा मळावी. माझ्या पाकिटाच्या पिठाचा पहिला गोळा फाटला होता; हात दोनदा ओला करून मळल्यावर त्याच उकडीच्या अकरा कळ्या न तडकता पडल्या.

मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा आणि शेवटी उरलेल्या उकडीत वाटलेली मिरची, जिरे व मीठ घालून निवगऱ्या थापाव्यात. त्या मोदकांबरोबरच वाफवाव्यात आणि कच्च्या तेलाबरोबर गरम खाव्यात.

तुझी,
आजी