स्लॅबवरचं पाणी

नव्या घराच्या स्वप्नात भिंतींचे रंग असतात, खिडक्या असतात, खिडकीतली कुंडीसुद्धा ठरलेली असते. स्लॅबवर साठवायचं पाणी मात्र कुणाच्याच स्वप्नात येत नाही. स्लॅब पडला की घर झालंच असं वाटतं, मन लगेच फर्निचरपाशी जातं, आणि साइटवर एकदम सामसूम होते. काहीच चाललेलं दिसत नाही. खरं तर स्लॅबचं सगळं भवितव्य याच दिवसांत ठरतं.

‘स्लॅब वाळतोय’ असं आपण सहज म्हणतो, पण वाळणं हाच त्याचा घात. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. पाणी उडून गेलं की ती क्रिया अर्ध्यावर थांबते. पहिल्या काही तासांत ऊन आणि वारा दोन्ही असले, तर वरचा थर आकसून केसांसारखे तडे पडतात. म्हणून पृष्ठभागाची ओली चकाकी गेली की त्यावर प्लॅस्टिक अंथरावं. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की मग पाणी, तेही हलक्या हातानं. पाइपची जोरदार धार आधीच सोडली, तर वरचं सिमेंट धुऊन जातं.

पुढे वाफे करायचे. समजा, स्लॅब 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद आहे. हलक्या मसाल्याचे बांध घालून त्याचे मीटर-दीड मीटरचे चौकोन पाडायचे आणि 5 सेंटिमीटर पाणी भरायचं. एकूण हजार लिटर झालं. बांध कशाला? स्लॅब अगदी सपाट कधीच नसतो. बांध नसले तर पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं आणि उंच कोपरा कोरडा राहतो. बांधांचा मसाला मुद्दाम हलका ठेवायचा, म्हणजे नंतर ते सहज निघतात.

साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, राख मिसळलेल्याला 10 दिवस, आणि कडक उन्हात त्याहून जास्त. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. आराखड्यात धरलेली ताकद 28 दिवसांची असते. सकाळ-संध्याकाळ नुसता शिडकावा करणं म्हणजे मनाचं समाधान, कारण मधल्या दुपारी स्लॅब कोरडाच पडतो.

सगळ्यात जास्त आबाळ होते कॉलमची. उभ्या अंगावर पाणी ठरत नाही, म्हणून गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवावं लागतं. उन्हाकडची बाजू आधी सुकते, आणि पाणी मारणारा नेमका सावलीच्या बाजूला उभा असतो! कुठे हयगय झाली ते नंतर कळतं: हात घासला की पांढरी भुकटी लागते.

आणि वाफे फोडण्याआधी एक काम उरकून घ्यावं. प्रत्येक वाफ्यात पाणी कुठे खोल, कुठे उथळ आहे ते खडूनं टिपून ठेवावं. पुढे गच्चीचा उतार काढताना कुठे किती भर घालायची ते त्यावरून समजतं.