फोटोवरून ‘किडका’ ठरलेला घेवडा

आमच्या पुरंदर भागात पावसाळ्यात वाटाणा, घेवडा, गवार तिन्ही निघतात. भाजी घेणाऱ्या केंद्राने यंदा नियम काढला, आधी मोबाइलवर फोटो, तो पसंत पडला तरच गाडी. वाटाणा आणि गवार लगेच पास झाली. घेवड्यावर मात्र एकच शब्द आला, ‘किडका’. माल तोडून सावलीत पडलेला, आणि समोरचा फोन उचलेना.

फोटोत शेंगांवर गोल काळे ठिपके होते, ते मला मान्य. पण तो करपा होता. करप्याचा डाग तपकिरी असतो, मधे खोलगट असतो आणि कडेला काळपट-लालसर रेघ असते. वरून काढलेल्या फोटोत तो खोलगटपणा हुबेहूब भोकासारखा दिसतो. अळीचं भोक आरपार काळं असतं आणि बऱ्याचदा तोंडाशी विष्ठेचे बारीक दाणे चिकटलेले असतात. अळी मात्र आत सापडेलच असं नाही. घाटेअळी एक शेंग खाऊन दुसरीकडे जाते, मागे नुसतं भोक राहतं. म्हणून भोक म्हटलं की हे लोक सगळा माल नाकारतात. करप्याच्या शेंगा वेचून काढता येतात.

शेवटी तीच शेंग उन्हात तिरकी धरून दोन बाजूंनी फोटो काढले. ऊन फिरलं तसा डागाचा तळ तपकिरी उजळला. भोक असतं तर दोन्ही फोटोंत काळंच राहिलं असतं. मग तीच शेंग शिवणीवरून उकलून आतला फोटो पाठवला. दाणे शाबूत, विष्ठेचा मागमूस नाही. डागाळलेल्या शेंगा वेगळ्या काढल्या, तेव्हा कुठे साहेबांनी ‘पाठवा’ लिहिलं. तोवर घेवडा मऊ पडायला लागला होता. हे फोटो त्यांनीच आधी मागितले असते तर काय बिघडलं असतं?

हो, शेंग पालथी करूनही फोटो घ्या, भोक खालच्या बाजूलाही असू शकतं. आणि नुकत्याच शिरलेल्या बारीक अळीचं छिद्र फोटोत सहसा दिसत नाही, त्याला शेंग उकलण्यावाचून इलाज नाही.

वाटाणा भरलाय का हे शेंग उन्हासमोर धरली की कळतं, दाण्यांची सावली एकमेकींना टेकलेली दिसते. फिकट, सुरकुतलेली शेंग भरलेली असली तरी निबर. गवारीचं उलटं, दाण्याचे उंचवटे दिसले की ती गेली. वरून ते दिसत नाहीत, कॅमेरा शेंगेच्या पातळीला आणा. मी एक गवार मोडूनच फोटो टाकला होता, कोवळी असेल तर तुटलेल्या टोकाला धागा लोंबत नाही. पिवळ्या दिव्याखाली फोटो काढू नका, कोवळी गवारही जून दिसते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर डागाची कडच पुसली जाते.