वजनकाट्याची वही कोणाच्या हाती?

"कचरा सगळेच करतात, मग प्रक्रिया प्रकल्प घराजवळ आला की लोक विरोध का करतात? त्यांचा विश्वास कसा मिळवायचा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्यात कोणत्याही वस्तीत प्रकल्पाचे नाव काढले की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा उल्लेख करतो. तिथे वर्षानुवर्षे शहराचा मिश्र कचरा पडत गेला, विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, टँकर सुरू झाले, आणि आश्वासने पाळली न गेल्याने ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. हा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला "यात अत्याधुनिक तंत्रज्ञान आहे" असे सांगून काही साधत नाही, कारण त्याची शंका यंत्राविषयी नसून यंत्र बंद पडल्यावर गाड्या कोण थांबवणार याविषयी असते.

ही शंका रास्त आहे. रोज पाच टन ओला कचरा घेणारा बायोगॅस प्रकल्प धरा. कचरा वर्गीकृत असेल तर टनामागे साधारण 80 ते 100 घनमीटर, म्हणजे दिवसाला 400 ते 500 घनमीटर वायू मिळायला हवा. पण गाडीत प्लास्टिक आणि नारळाच्या करवंट्या आल्या की दळणयंत्र अडते, उरलेला ढीग आवारात कुजतो, आणि पावसाळ्यात त्यातून झिरपणारे काळे पाणी नाल्याला लागते. दुर्गंधी बहुधा बंद टाकीतून येत नाही, ती या ढिगातून येते. वजनकाट्यावर पाच टनांची नोंद आणि वायुमापकावर शंभर घनमीटर असे महिनाभर दिसले, तर प्रकल्प चालत नाही, कचरा फक्त साठतो आहे, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून संवादाची सुरुवात जागा ठरण्याआधी, दोन-तीन पर्यायी जागा लोकांपुढे ठेवून व्हावी. मोठ्या सामाईक प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची सूचना 30 दिवस आधी द्यावी लागते आणि शेवटी इतिवृत्त लोकभाषेत वाचून दाखवावे लागते; लहान प्रकल्पांना हे बंधन नसले तरी तीच पद्धत स्वेच्छेने पाळता येते. चालू प्रकल्प दाखवायला न्यायचे असेल, तर तो रहिवाशांनी निवडावा आणि भेट जुलैत, न कळवता व्हावी. (उद्घाटनाच्या दिवशी कोणत्याच प्रकल्पाला वास येत नाही!)

त्यानंतर करार लेखी करावा: कोणत्या प्रभागांतून किती गाड्या येतील, मिश्र कचऱ्याची गाडी फाटकातूनच परत जाईल, आणि यंत्र दोन दिवस बंद राहिले तर तिसऱ्या दिवशी गाड्या कुठे वळवल्या जातील. शेवटचे कलम लिहिताना अधिकारी हमखास चुळबुळतात, कारण पर्यायी जागा बहुधा ठरलेलीच नसते. पण रहिवासी समितीला वजनकाट्याची आणि वायुमापकाची नोंदवही कधीही पाहता आली, आणि समितीच्या सहीशिवाय प्रकल्प चालवणाऱ्याचे महिन्याचे देयक निघाले नाही, तर ते कलम कागदावर राहत नाही.