करवलीची साडी: मामेबहिणीला पत्र

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

ताईचा साखरपुडा ठरल्याचे मामीने काल फोनवर सांगितले आणि त्याच दमात हेही सांगितले की, तू त्या दिवशी आजीची अंजिरी पैठणी नेसायचे मनात धरले आहेस. पहिल्या बातमीने आनंद झाला, पण दुसरीने मी सावध झाले, कारण दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या साखरपुड्यात मी आईच्या लग्नातली पैठणी नेसून नेमका हाच हट्ट केला होता आणि तो मला महागात पडला होता. बंगळूरहून तू आदल्या दिवशी येणार आणि तेव्हा कपाट उघडून काही ठरवायला उसंत मिळणार नाही, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे.

आईची पैठणी चाळीसएक वर्षे मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. बाहेरून ती इतकी झळझळीत दिसत होती की तिच्याविषयी शंका घ्यावी असे मला वाटलेच नाही. साखरपुड्यात सासरची मंडळी नवरीची ओटी भरून साडी देतात आणि ती साडी नेसण्यासाठी नवरीला आत नेण्याचे काम बहिणीकडे येते, हे तू पाहिले आहेसच. धाकटीला आतल्या खोलीत नेऊन तिच्या निऱ्या सारख्या करण्यासाठी मी गुडघ्यांवर बसले. बसताना माझा पदर गुडघ्याखाली आला आणि उठताना खांद्यापाशी चर्रकन आवाज झाला. पिन जागेवरच होती, मात्र तिच्याजवळच्या घडीवर वीतभर साडी उसवावी तशी सरळ रेषेत विरली होती. पुढचा सगळा वेळ मी उजव्या हाताने खांदा धरून वावरले आणि अंगठ्या घालतानाच्या प्रत्येक फोटोत माझा हात तिथेच आहे.

नंतर पेठेतल्या एका रफूवाल्या काकांकडे ती साडी नेली. त्यांनी पदर खिडकीसमोर धरला, तेव्हा मला घडीच्या आणखी तीन रेषा दिसल्या, ज्यांतून बारीक उजेड येत होता. साडी वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली की रेशमाचे धागे त्या वळणावर कमकुवत होतात, आणि पैठणीच्या पदरात जर भरपूर असल्याने त्याचे वजनही त्याच धाग्यांवर येते. एखादे भोक असेल तर भोवतालच्या मजबूत धाग्यांत टाका धरतो, पण घडीवर विरलेल्या साडीत शेजारचा धागाही तेवढाच दुबळा असतो, त्यामुळे रफू केले तरी टाक्याच्या बाजूने ती पुन्हा फाटते, असे काकांनी स्पष्ट सांगितले. शेवटी आतून मऊ सुती अस्तर लावून घेतले. आता ती साडी दाखवता येते, पण नेसून धावपळ करता येत नाही.

म्हणून मामीला एवढे करायला सांग: आजीची पैठणी दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उलगडून प्रत्येक घडी डोळ्यांसमोर धरायची, आणि घडीवरचा भाग दोन बोटांत धरून अगदी हलके ताणायचा. उजेडाची रेघ दिसली किंवा धागे सरकून फट पडली, तर त्या दिवशी ती नेसायची नाही. काहीच दिसले नाही तरीही माझे मत नकाराकडेच झुकते, कारण साखरपुड्यात नवरी बहुतेक वेळ पाटावर बसलेली असते आणि बहीण ताटे उचलत, वाकत, खुर्च्यांमधून वाट काढत असते. ती पैठणी ताईच्या केळवणाला नेस, जिथे तुला फक्त जेवायचे आहे.

मग नेसायचे काय? मी तुझ्या जागी असते तर नारायणपेठ किंवा इरकल घेतली असती. दोन्ही हलक्या असतात, काठ ठसठशीत असल्याने समारंभात उठून दिसतात आणि पुण्यातल्या एप्रिलच्या उकाड्यात सुसह्य वाटतात. रंग ठरवण्याआधी ताईच्या दोन्ही साड्यांचे रंग विचारून घे. ती येताना नेसलेली असेल ती एक आणि सासरहून ओटीत येणारी दुसरी, असे ते दोन रंग आहेत. दुसऱ्या साडीला फॉल-पिको आणि ब्लाउज आधी करावा लागतो, त्यामुळे तिचा रंग घरात बहुधा सगळ्यांना ठाऊक असतो. विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही. मी विचारले नव्हते आणि धाकटी साडी बदलून बाहेर आली तेव्हा आम्ही दोघी हिरव्या दिसत होतो. काळा रंग तुला कितीही आवडत असला तरी टाळ. आत्या या नात्याने माझी आईच पहिली बोलेल, आणि त्या दिवशी तो वाद कशाला.

नवी साडी घेतलीस तर फॉल लावण्याआधी तो पाण्यातून काढून वाळवला आहे का, हे लावणाऱ्या बाईंना विचार. कोरा सुती फॉल तसाच लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा खालचा काठ चुरगळल्यासारखा गोळा होतो. आत परकर सुतीच घाल, कारण सॅटिनच्या परकरावरून रेशमी निऱ्या घसरत राहतात.

चपलेचे मात्र नीट ऐक. मी उंच टाचांच्या सँडल घालून साडीची उंची बेतली होती. हॉलमध्ये पाटाजवळ जाताना चपला काढाव्या लागल्या, तेव्हा तीच साडी दोन बोटे जमिनीवर लोळू लागली आणि औक्षणाचे ताट हातात असताना माझा अंगठा निऱ्यांत अडकला. ताट वाचले, पण अक्षता साऱ्या विहीणबाईंच्या पायांवर पडल्या. तू अनवाणी उभी राहूनच साडी नेस आणि वर सपाट कोल्हापुरी घाल, म्हणजे चपला काढल्या तरी उंचीत फारसा फरक पडणार नाही.

गजरा मंडईतून सकाळी आणला की तो ओला असतो. केसांत माळण्याआधी नॅपकिनवर पसरून कोरडा कर, नाहीतर पाठीवर थेंब पडून रेशमावर पाण्याचे डाग उमटतात. अत्तर साडी नेसण्याआधी अंगाला लाव, जरीवर शिंपडू नकोस. खड्यांच्या बांगड्या मला स्वतःला आवडतात, तरी त्या दिवशी नकोत, कारण त्यांच्या कडांना तुझ्याच नव्हे, ताईच्याही साडीचे धागे अडकतील.

ब्लाउज इथेच शिवून घेऊ. आमच्या शिंपिणीला तीन आठवडे लागतात आणि सांगितलेल्या तारखेला तो मिळत नाही, हे धरूनच चालायचे. तुला नीट बसणारा एक जुना ब्लाउज कुरियरने पाठव. मात्र तो घालून आधी दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन पाहा. काखेत ओढ बसत असेल तर दुसरा पाठव. ओवाळताना हात वर जातोच.

तुझी,
आतेबहीण