‘एक प्रत जादा’: निर्मात्याच्या नोट्सनंतरचा तिसरा खर्डा

मागच्या नोंदीत या लघुपटाची गोष्ट सांगितली होतीच. सुनंदाचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. एजंट एक मसुदा प्रती काढायला देतो. ते हक्कसोडपत्र असतं, आणि वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावासाठी सोडणारी म्हणून त्यात तिचंच नाव टाइप केलेलं असतं. दुसरा खर्डा 21 पानांचा झाला होता. निर्मात्याच्या नोट्स आल्या त्या अशा: फिल्म 15 मिनिटांत बसवा, बहीण-भावाचं नातं कळत नाही, लहानपणीचा फ्लॅशबॅक घाला, भाऊ आणखी वाईट दाखवा, त्यानं खोटी सही केली असं करा, शेवट उघडा ठेवा, तिनं काय ठरवलं हे प्रेक्षकाला कळलंच पाहिजे.

या सगळ्या नोट्स एकदम पाळता येत नाहीत. मी फोन करून विचारलं, ‘15 मिनिटं आणि फ्लॅशबॅक यांतलं एकच मिळणार असेल तर कुठलं?’ उत्तर लगेच आलं: 15 मिनिटं. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसकट तेवढीच आहे आणि त्यांना तिथे पाठवायचंय. दुसरंही एक कळलं. शेवटाबद्दलच्या दोन नोट्स दोन वेगळ्या माणसांच्या होत्या, एक त्यांची आणि एक त्यांच्या भागीदाराची. म्हणून परस्परविरोधी नोट्स आल्या की लिहायला बसण्याआधी कुठली अट हलणार नाही आणि कुठली नोट कोणाची, हे विचारून घ्यावं.

मग प्रत्येक नोटमधली तक्रार आणि उपाय वेगळे केले. फ्लॅशबॅक हा उपाय झाला. तक्रार अशी की सही नाकारली तर सुनंदा काय गमावणार, हे दिसत नाही. तक्रार शंभर टक्के खरी होती, म्हणून ती घेतली आणि उपाय सोडला. दोन पानांच्या फ्लॅशबॅकऐवजी चौथ्या दृश्यात, मशीन चालू असतानाच, भावाचा फोन येतो:

भाऊ: ताई, भाऊबीजेला सकाळचीच ये गं. पोरं आत्या आत्या करतायत.
सुनंदा: येते की.
भाऊ: आणि येताना आधार कार्ड आण. एक छोटं काम आहे, दुपारी उरकून टाकू.

ती फोनवर बोलत असतानाच तिच्या नावाची प्रत ट्रेमध्ये पडते. एजंट पैसे पुढे करतो, ती सुटे परत देते आणि एक शब्दही बोलत नाही. नातं, माया आणि डाव या तिन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये आल्या. भावाच्या घराचं लोकेशनही गेलं.

खोट्या सहीची नोट मात्र पूर्ण नाकारली. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि दुय्यम निबंधकांसमोर हक्क सोडणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, म्हणून तर भावाला बहीण तिथे प्रत्यक्ष हवी असते. तिला गोड बोलून न्यावं लागतं, आणि आपली सगळी गोष्ट त्या गोड बोलण्यावर उभी आहे. भाऊ खलनायक झाला तर नकार देणं सोपं होईल. निर्मात्याला हे असंच लिहून पाठवलं, सोबत फोनचं नवं दृश्य जोडलं. नुसतं ‘नाही’ कळवलं असतं तर वाद झाला असता. नवं पान वाचल्यावर त्यांनी नोट मागे घेतली.

शेवटाच्या दोन नोट्स नीट पाहिल्या तर एकमेकींना छेद देत नाहीत. निर्णय कळावा, परिणाम उघडा राहावा. आधी ती नुसती कागदाकडे बघत बसायची. आता ती एक प्रत जादा काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, शटर ओढते, रस्ता ओलांडते आणि खिडकीवर आपल्याच गावच्या जमिनीचा सातबारा मागते. भाऊबीजेला काय होईल ते दाखवत नाही.

लांबीबद्दल एक सांगतो. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब ठरावीक इंग्रजी फॉन्ट आणि मांडणीवर बसवलेला आहे. देवनागरीत तो धरू नका. मी स्टॉपवॉच लावून संवाद मोठ्यानं वाचले आणि शांत जागा प्रत्यक्ष करून पाहिल्या. शटर ओढून रस्ता ओलांडायलाच कागदावर वाटतं त्याच्या दुपटीनं वेळ लागतो. आता एकूण साडेतेरा मिनिटं भरतात, म्हणजे श्रेयनामावलीला जागा राहते.

सहावं दृश्य अजून अडलंय. एजंट तिथे कायदा समजावून सांगतो आणि ते भाषण वाटतं. ती माहिती एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडी, भलत्याच प्रकरणाबद्दल बोलता बोलता घालून बघणार आहे. त्यानंतर पुन्हा वाचन.