स्प्रिंगचा दिवा लुकलुकत होता, आणि वर्कशॉपला चारही हीटर बदलायचे होते

"मॅडम, चारों हीटर डलवाने पड़ेंगे." काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने बॉनेटही न उघडता हे सांगितलं, आणि अजूनही ते आठवलं की माझं डोकं तापतं. हीटर म्हणजे ग्लो प्लग. ग्वाल्हेरच्या बाजारात सगळे त्याला हीटर किंवा हीटर प्लगच म्हणतात.

जानेवारीचे दिवस, सकाळी दाट धुकं, पारा चार-पाचावर. आमची डिझेल गाडी, जर्मन घराण्यातली, लष्कर भागातल्या गल्लीत रात्रभर उघड्यावर उभी. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागायचा, काही सेकंदांत विझायचा, मग स्टार्टर मारला की इंजिन पहिल्या झटक्यात चालू. धूर नाही, थरथर नाही. तक्रार होती ती पुढची. गाडी गरम होऊन फुलबागेच्या आसपास पोचली की तोच दिवा लुकलुकायला लागायचा. पिकअप मंद व्हायचा आणि क्रूझ कंट्रोल लागायचं नाही.

मी त्याला हेच विचारलं: हीटर गेले असते तर सकाळी त्रास झाला असता ना? डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. इंजिन गार असेल तर ती उष्णता आजूबाजूचं लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर असतो आणि त्याचं टोक लालबुंद होऊन मदत करतं. हीटर मेला तर थंडीत स्टार्टर लांबतो, इंजिन अडखळतं आणि मागून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो. इंजिन तापलं की मात्र हीटर नसला तरी फारसं बिघडत नाही. माझं दुखणं नेमकं उलटं होतं. थंड असताना गाडी ठणठणीत आणि गरम झाल्यावर कुरकुर.

यावर उत्तर आलं, "आप भाईसाहब को भेज दीजिए, उनको समझा देंगे." भाईसाहब म्हणजे आमचे हे. त्यांना पंक्चर आणि स्टेपनी यांच्यापलीकडे गाडीतलं काही कळत नाही.

मी स्कॅनर लावायचा आग्रह धरला. तर म्हणे, स्कॅनर दुसऱ्या गाडीवर आहे, बसा. बसले. मग जेवणाची सुट्टी. मग स्कॅनरवाला मुलगा मुरारला गेलेला. एस्टिमेटचा कागद मात्र तयार होता: चार हीटर, मजुरी, आणि खाली बारीक अक्षरांत की काढताना हीटर तुटल्यास त्याची जबाबदारी ग्राहकाची. त्या ओळीनेच मी सावध झाले. जुना हीटर कार्बनने हेडमध्ये घट्ट बसलेला असतो. जोर लावला की अर्धा बाहेर येतो आणि अर्धा आत राहतो. तो तुकडा काढायला कधीकधी हेडच उतरवावं लागतं. चांगल्या चालणाऱ्या हीटरवर हा जुगार मी का खेळू? सही केली नाही आणि गाडी घेऊन घरी आले.

गाडीसोबत मिळालेलं जाड पुस्तक घरी आल्यावर उघडलं. त्यात दोन वेगळ्या नोंदी आहेत. दिवा स्थिर असेल तर हीटर तापतायत, तो विझेपर्यंत स्टार्टर मारायचं थांबा. तो लुकलुकत असेल तर इंजिनाच्या नियंत्रणात बिघाड आहे, तपासून घ्या. म्हणजे या गाड्यांत एकाच दिव्याला दोन नोकऱ्या दिल्या आहेत. याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलला ते दुसरं काम करायला EPC लिहिलेला वेगळा दिवा असतो. डिझेलला तो न देता स्प्रिंगवरच भागवलंय. लुकलुकण्याचा हीटरशी संबंध असेलच असं नाही. (सगळ्या कंपन्यांचा नियम हाच असं समजू नका, आपल्या गाडीचं पुस्तक बघा.)

खरा धागा मात्र शेजारच्या कुलकर्णीकाकांनी दिला. ते स्कूटरवरून माझ्या मागे येत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, "अगं, तुझे ब्रेकचे दिवे मध्येच लागतात, मध्येच नाही. धुक्यात कोणी ठोकेल."

तिथे सगळं जुळलं. ब्रेकच्या पेडलवर एक छोटा स्विच असतो. त्यात दोन संपर्क असतात: एक मागचे दिवे लावतो, दुसरा इंजिनाच्या कंप्युटरला स्वतंत्रपणे सांगतो की पाय ब्रेकवर आहे. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर कंप्युटर कोणावरच विश्वास ठेवत नाही. क्रूझ बंद करतो, जोर आवरतो आणि स्प्रिंग लुकलुकवतो. रात्री गाडी पाठमोरी भिंतीला लावली, काकांना मागे उभं केलं आणि ब्रेक हळू, जोरात, अर्धवट असा दाबत राहिले. तिन्ही दिवे, वरचा मधलासुद्धा, एकदमच दगा देत होते. बल्ब गेला असता तर एकच गेला असता. तिन्ही एकदम जातात तेव्हा संशय स्विचवर घ्यायचा.

खात्रीसाठी कंपू भागातल्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. भाच्याचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र आधी लावून बघितलं होतं, त्याला काहीच दिसलं नव्हतं. इलेक्ट्रिशियनच्या मोठ्या स्कॅनरवर मात्र P0571 आला, म्हणजे ब्रेक स्विचचं सर्किट. हीटरचे कोड असतात P0671 ते P0674, शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्यातला एकही नव्हता. तेव्हा स्वस्त यंत्राने 'सब ठीक' म्हटलं तरी तेवढ्यावर जाऊ नका. अशी यंत्रं बहुधा धुराशी संबंधित कोडच वाचतात.

स्विच बदलायला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. एक गोष्ट मुद्दाम सांगते: नवा स्विच बसवताना त्याची दांडी पेडलला टेकून आपली जागा धरते, म्हणून एकदा बसलेला स्विच काढून परत बसवू नये. 'साफ करके लगा देता हूँ' कोणी म्हटलं तर नको म्हणा. बिलाचा आकडा चार हीटरच्या एस्टिमेटसमोर हसू येण्याइतका लहान होता. मी ते बिल त्या काउंटरवर नेऊन दाखवलं, आणि मला ते करताना छान वाटलं.

हो, आणखी एक राहिलं. दिवा विझला म्हणजे हीटर चांगले, असंही नाही. तो दिवा पाण्याचं तापमान बघून ठरलेल्या वेळाने विझतो. म्हणून दुपारी कधीकधी लागतच नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक हीटर खरंच गेला. तेव्हा स्प्रिंग अजिबात लुकलुकली नाही. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर लागला, सकाळी पांढरा धूर आला, कोड P0673. इलेक्ट्रिशियन बॅटरीची वायर थेट हीटरला लावून बघणार होता, मी हात धरला. नव्या गाड्यांतले बरेच हीटर बारा व्होल्टपेक्षा खूप कमी दाबावर चालतात, थेट बॅटरीवर जळून जातात. मीटरने रोध मोजला, बाकी तिघांचा जवळपास शून्य आणि तिसऱ्याचा मीटरच्या मापाबाहेर, म्हणजे वायर आतून तुटलेली. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडलं, सकाळी इंजिन चांगलं तापवून मग हलक्या हाताने, थोडं उलट थोडं सुलट करत तो काढला. अख्खा बाहेर आला.